हिशेब विचारलाच नव्हता की

माणूस समोर बसला की दोन मिनिटांत कळतो, असं मी मानत आलो. म्हसवडमधल्या एका लहान पतसंस्थेच्या निवड समितीवर मी बरीच वर्षं होतो. लिपिक, शिपाई, वसुलीचे कर्मचारी निवडताना माझा शब्द सहसा शेवटचा ठरे. गुणपत्रकाचा तक्ता समोर असायचा, पण तो लेखापरीक्षकासाठी. रकान्यांत माणूस मावत नाही, हे वाक्य मी सभेत अनेकदा अभिमानाने उच्चारलं आहे.

दोन मिनिटांत मला जे कळायचं, ते खरं तर काय होतं? मुलगा आत आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाचा रं तू?" त्याने वडिलांचं, चुलत्याचं नाव सांगितलं की मला त्याचं घर, वाडी, भावकी दिसायला लागे. ओळखीतला निघाला की माझा आवाज मऊ व्हायचा आणि तोही मोकळा व्हायचा. ओळखीतला नसला की मी नुसता ऐकत बसे आणि तो आखडून जाई. मग मी मनात नोंदवायचो, पहिल्यात आत्मविश्वास आहे, दुसऱ्यात नाही. तो आत्मविश्वास मीच एकाला दिला होता आणि दुसऱ्याचा मीच काढून घेतला होता, हे मला दिसत नव्हतं.

वसुलीच्या एका जागेची भरती झाल्यावर न निवडलेला एक मुलगा भेटायला आला. तक्रार नव्हती त्याची. "सर, मी कुठं कमी पडलो तेवढं सांगा, पुढच्या वेळेला तयारी करीन," एवढंच म्हणाला. मला त्याचा चेहराही नीट आठवत नव्हता. मी फाईल मागवली, त्याच्या नावापुढचा तक्ता पाहिला आणि ठामपणे सांगितलं, "हिशेबात कच्चा आहेस."

तो थोडा थांबला. "पण सर, हिशेब विचारलाच नव्हता की."

खरं होतं. त्याला आम्ही गाव विचारलं होतं, शिक्षण विचारलं होतं, एवढ्या लांब रोज येणं जमेल का विचारलं होतं. हिशेबाचा एकही प्रश्न विचारला नव्हता. तरी हिशेबाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 4 लिहिलेले होते, दहापैकी. मी काहीतरी पुटपुटून त्याला वाटेला लावलं. तो गेल्यावर फाईल मिटवून ठेवावी असं फार वाटलं. मिटवली नाही, एवढंच.

पाच रकाने होते: व्यक्तिमत्त्व, संवाद, विषयाचं ज्ञान, हिशेब, एकूण प्रभाव. त्या मुलाला मी दिलेले गुण 5, 4, 5, 4, 5. बेरीज 23. निवडलेल्या मुलाचे 8, 8, 8, 9, 8. बेरीज 41. त्यालाही हिशेब विचारलेला नव्हता, त्याच्याशी आम्ही त्याच्या मामाबद्दल बोललो होतो. एका माणसाच्या पाच वेगवेगळ्या गुणांना जवळपास सारखेच आकडे कसे पडतील? एखादा बोलण्यात चांगला आणि आकडेमोडीत बेताचा असतो, एखादा उलटा असतो. माझ्या तक्त्यात मात्र जो आवडला तो सगळ्यात चांगला आणि जो नावडला तो सगळ्यात कच्चा.

मग शाईकडे लक्ष गेलं. बेरजा निळ्या शाईत होत्या आणि रकान्यांतले आकडे काळ्या. मुलाखतीच्या दिवशी आम्ही नुसते एकूण गुण टाकले होते. नंतर लिपिकाने "रकाने रिकामे राहिलेत" म्हणून कागद पुढे केला, तेव्हा चहा घेता घेता मी 41 चे पाच तुकडे पाडले होते. दोन्ही सहकाऱ्यांचे कागद काढले. निवडलेल्याला त्यांनी 40 आणि 42 दिले होते. हाही योगायोग नव्हता. उमेदवार बाहेर पडला की मी मोठ्याने मत सांगायचो आणि मग तिघं मिळून गुण लिहायचो. कागदावर तीन सह्या होत्या आणि मत एकाचंच होतं, माझं.

माझी नजर चुकते, हे कदाचित मी पचवलं असतं. माझी नजर मी हिशेबाच्या नावाखाली लिहीत होतो, हे पचेना. एका तरुण पोराला मी त्याच्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि सांगताना मला ते खरं वाटत होतं.

पुढे मुलाखतींबद्दल वाचताना एक जुना निकाल हाती लागला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचं प्रकरण, अजय हासिया या नावाने ओळखलं जातं. तिथे लेखी परीक्षेला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची आणि प्रश्न बरेचसे घराणं, राहण्याचं ठिकाण यांबद्दलचे, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये मुलाखतीला इतकं वजन देणं मनमानी ठरवलं. आमची पतसंस्था म्हणजे काही सरकारी महाविद्यालय नव्हे. पण "कुणाचा रं तू?" हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला पाहून मला बसल्या जागी शरम वाटली.

आणि गावातलीच एक गोष्ट, शेकडो वेळा ऐकलेली, मला नव्याने ऐकू आली. म्हसवडच्या बायकांची बँक, माणदेशी महिला सहकारी बँक, 1997 साली सुरू झाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने तिचा अर्ज नाकारला होता, कारण प्रवर्तकांमधल्या काही बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात की बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि मग पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, कोणत्याही मुद्दलावरचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. ही गोष्ट मी बायकांच्या हिमतीची म्हणून सांगत असे. त्या दिवशी लक्षात आलं की निवड कशी करावी हेही तीत आहे. बँक चालवायला लागतं ते व्याज, म्हणून व्याज विचारा. आमच्या समितीने वसुलीच्या माणसाला कधी व्याज विचारलं नव्हतं.

पुढच्या भरतीआधी आम्ही जुना तक्ता काढून टाकला. जाहिरात देण्याआधीच वसुलीवर असलेल्या दोघांना विचारलं, आठवडाभर नेमकं काय करता? त्यातून चार निकष निघाले: हिशेब, थकलेल्या कर्जदाराशी बोलणं, कर्जाची कागदपत्रं तपासणं आणि अडचणीच्या वेळचा निर्णय. व्यक्तिमत्त्व आणि एकूण प्रभाव हे रकाने गेले, कारण कशाला किती गुण द्यायचे हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. प्रत्येक निकषाला 1 ते 5 गुण. पहिल्या दोन निकषांच्या गुणाला 6 ने गुणायचं, उरलेल्या दोनच्या गुणाला 4 ने, म्हणजे कमाल बेरीज 100 होते. हे वजन अर्ज उघडण्याआधी ठरवून इतिवृत्तात लिहिलं. नावं कळल्यावर वजन ठरवलं असतं तर ते कुणाच्या तरी मापाने कापलं गेलं असतं.

हिशेबाचा प्रश्न सगळ्यांना एकच. एका बाईने 24,000 रुपये घेतले, महिन्याला 2,000 मुद्दल आणि शिल्लक मुद्दलावर दरमहा 1 टक्का व्याज. चार हप्ते वेळेवर भरले, पाचवा चुकला. सहाव्या महिन्याच्या शेवटी खातं नियमित करायला दंड सोडून किती भरावे लागतील? चार हप्त्यांनंतर मुद्दल उरतं 16,000. दोन्ही महिन्यांचं व्याज त्याच शिल्लकेवर, 160 अधिक 160. दोन हप्त्यांचं मुद्दल 4,000. म्हणजे 4,320. वेळेवर भरत गेली असती तर याच दोन महिन्यांचे 4,300 झाले असते. प्रश्नाचा दुसरा भाग: हे वरचे वीस रुपये कशाचे, ते तिला समजावून सांगा.

कोणत्या उत्तराला किती गुण, तेही आधी लिहून ठेवलं. 4,320 आले आणि वीस रुपयांचं कारण तिला कळेल असं सांगितलं, तर 5. रीत बरोबर पण कारण सांगता आलं नाही, किंवा बेरजेत किरकोळ चूक झाली, तर 3. मूळ 24,000 वरच दोन्ही महिन्यांचं व्याज धरून 4,480 सांगितले, तर 1, कारण असा माणूस दारात जाऊन जास्तीचे पैसे मागणार आणि संस्थेचं नाव घालवणार. मधल्या उत्तरांना 2 आणि 4. शेजारी एक रुंद रकाना ठेवला. उमेदवार काय बोलला ते त्याच्याच शब्दांत त्यात लिहायचं. तो रकाना कोरा असेल तर गुण धरायचे नाहीत. खरं सांगायचं तर हा रकाना मी स्वतःसाठी मागून घेतला.

दुसरं बंधन आणखी जड गेलं. उमेदवार बाहेर गेल्यावर कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपले गुण लिहून सही करायची, मगच तोंड उघडायचं. दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तिथेच चर्चा. गुण बदलायचा तर जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडायचा आणि कारण लिहायचं. कागदाच्या पहिल्याच ओळीत नातं आणि व्यवहार जाहीर करायचा. इथे लांबून पाहिलं तर सगळेच सोयरे निघतात, म्हणून सीमा ठरवली: सख्खं-चुलत नातं, घरातली सोयरीक, किंवा आपसात उसनवारी. यातलं काही असलं तर त्या सदस्याने त्या जागेच्या सगळ्याच मुलाखतींतून उठायचं. एकाच उमेदवारापुरतं उठलं तर इतरांना पाडायची सोय राहते.

आमचे एक ज्येष्ठ संचालक, आण्णा, रागावले. "मग आमच्या अनुभवाला काय किंमत?" हा माझाच जुना प्रश्न होता. त्यांना मी मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचं सांगितलं. 1955 च्या सुमारास इस्रायली सैन्यात, ऐन विशीत, त्यांनी भरतीच्या मुलाखतींची अशीच पद्धत बसवली. सहा निकष, एकेक विचारायचा, तिथल्या तिथे आकडा टाकायचा आणि मगच पुढे जायचं. मुलाखत घेणारे चिडले, तुम्ही आमची यंत्रं करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी एक भर घातली. सगळे आकडे टाकून झाल्यावर डोळे मिटा, तो सैनिक डोळ्यांसमोर आणा आणि आणखी एक गुण द्या. नंतर तपासलं तर तो शेवटचा गुणही कामाचा निघाला. नजर उपयोगी पडते, पण निकषांमागून आली तर. आण्णा गप्प झाले, पटलं की नाही ते सांगितलं नाही. आम्ही तसा एक गुण ठेवला, फक्त बरोबरी झाली तर पाहण्यासाठी.

त्या भरतीत एक सफाईदार बोलणारा पदवीधर आला. मला तो आत येताक्षणीच आवडला. माझ्या कागदावर हिशेब 2, बोलणं 5, कागदपत्रं 3, निर्णय 3. बेरीज 66. नंतर वाडीवरची एक मुलगी आली, खाली मान घालून माणदेशी बोलणारी. तिने वीस रुपयांचं सांगितलं ते असं: "बाई, तुमचं दोन हजार म्हैनाभर जास्त ऱ्हायलं तुमच्याकडं, त्याचं भाडं हाय हे." कर्जाच्या फाईलमध्ये आम्ही मुद्दाम ठेवलेली जामीनदाराच्या सहीतली तफावतही तिला दिसली. हिशेब 5, बोलणं 3, कागदपत्रं 4, निर्णय 4. बेरीज 80. जुन्या पद्धतीने मी तिला पंचवीसच्या आसपास ठेवलं असतं, आणि हिशेबात कच्ची म्हटलं असतं.

तिचा बोलण्यातला 3 मला अजून टोचतो. सहकाऱ्याने तिथे 5 दिले होते. फरक दोनाचा, म्हणून चर्चा झाली. त्याने त्याच्या रकान्यातलं वाक्य वाचून दाखवलं, तेच भाड्याचं वाक्य. माझ्या रकान्यात लिहिलं होतं, "हळू बोलते, नजर देत नाही." थकलेल्या बाईच्या दारात उभं राहून नजर द्यायची की तिला कळेल असं बोलायचं, हे आम्ही आधी लिहिलंच नव्हतं. मी 3 वर रेघ मारून 4 केले आणि कारण लिहिलं. तिची बेरीज 86 झाली. निवड बदलली नाही, पण दुसऱ्या निकषाची वर्णनं आम्ही नव्याने लिहायला घेतली. या वेळी वसुलीच्या माणसांबरोबर दोन कर्जदार बायकांनाही बोलावलं आहे, दारात आलेल्या माणसाने कसं बोलावं हे त्यांनाच विचारायला.