पोच आली नाही म्हणजे पत्र गेलंच नाही?

संपादकांचा आग्रह होता की सॉफ्टवेअरमधलं काहीतरी लिहा, पण सगळ्यांना कळेल असं. मी नोएडात राहतो. संस्थांच्या सूचना आणि जाहिराती ठरलेल्या वेळी समाजमाध्यमांवर आपोआप जाव्यात यासाठी लागणारी यंत्रणा बांधणं आणि इतरांनी बांधलेली तपासणं, हे माझं काम. अशा प्रत्येक यंत्रणेच्या डेटाबेसमध्ये पोस्टचं एक टेबल असतं आणि त्यात status नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पाचच शब्द येऊ शकतात : ड्राफ्ट, क्यूड, पब्लिशिंग, पब्लिश्ड आणि फेल्ड. म्हणजे मसुदा, रांगेत, पाठवणं चालू, गेली आणि फसली. यातल्या शेवटच्या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. तो जितका सहज लिहिला जातो तितका सहज लिहिला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दिल्लीतल्या एका शाळेचं प्रकरण अजून मनातून जात नाही. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. हवा इतकी बिघडली होती की वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने सोमवारी सकाळी आठपासून ‘ग्रॅप’ या प्रदूषण-निर्बंध योजनेचा चौथा टप्पा लागू केला. दिल्ली सरकारने दहावी आणि बारावी वगळता बाकी वर्ग ऑनलाइन घ्यायला सांगितलं. शाळेने रात्री सूचना टाकली : दहावी-बारावीच्या मुलांनी शाळेत यावं, बाकीच्यांनी घरूनच शिकावं. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने बारावीपर्यंतचे वर्ग बंद करण्याबाबत एनसीआरमधल्या राज्यांना निर्देश दिले, आणि मंगळवारपासून दहावी-बारावीही ऑनलाइन झाली. शाळेची दुसरी सूचना सोमवारी संध्याकाळी गेली. रात्री उशिरा मात्र पहिली सूचना, ‘दहावी-बारावीच्या मुलांनी शाळेत यावं’, पुन्हा एकदा पानावर सगळ्यात वर झळकली. मंगळवारी सकाळी त्या धुरकट हवेत काही मुलं फाटकाशी येऊन उभी राहिली.

शाळेने कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला दोष दिला, कारण ‘पुन्हा पाठवा’ हे बटण त्यानेच दाबलं होतं. मी नोंदी पाहिल्या. रविवारची सूचना रविवारीच गेली होती, लोकांनी वाचलीही होती. पण माध्यमाच्या सर्व्हरकडून ‘मिळाली’ हे उत्तर तीस सेकंदांत आलं नाही, म्हणून प्रोग्रॅमने त्या ओळीवर ‘फेल्ड’ असं लिहून टाकलं. सोमवारी रात्री त्या माणसाला पडद्यावर लाल अक्षरांत ‘फसली’ दिसलं आणि त्याने इमानदारीने ती पुन्हा पाठवली. त्याच्यासमोर असलेली माहितीच खोटी होती. ती ज्या प्रोग्रॅमने लिहिली तो बांधणाऱ्यांकडे कोणी बोट दाखवलं नाही.

आता थोडं आत शिरावं लागेल. रांगेतल्या पोस्ट उचलणारा प्रोग्रॅम, आम्ही त्याला वर्कर म्हणतो, एकटा नसतो. तीन-चार वर्कर एकाच रांगेवर काम करत असतात. दोघांनी एकच पोस्ट उचलू नये म्हणून आधी ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते :

```sql
UPDATE posts
SET status = 'publishing',
    lease_until = now() + interval '2 minutes'
WHERE id = 712 AND status = 'queued'
  AND expires_at > now();
```

यातली शेवटून दुसरी ओळ महत्त्वाची. पोस्ट रांगेत असेल तरच ती ‘पब्लिशिंग’ होईल. दोन वर्करनी एकाच क्षणी ही आज्ञा दिली तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस दुसऱ्याला थांबवून ठेवतो, पहिल्याचं काम संपलं की अट पुन्हा तपासतो आणि ‘शून्य ओळी बदलल्या’ असं सांगतो. शून्य ऐकलेल्या वर्करने मुकाट्याने पुढची पोस्ट पाहायची. ‘आधी वाचा, मग बदला’ अशा दोन वेगळ्या पायऱ्या केल्या की मधल्या फटीत दुसरा वर्कर घुसतो. इतकी साधी गोष्ट असूनही तपासायला आलेल्या यंत्रणांमध्ये ही फट मला पुन्हा पुन्हा दिसते.

इथवरचं सगळं आपल्या डेटाबेसच्या आत घडतं, म्हणून त्याची खात्री देता येते. खरा प्रश्न सुरू होतो तो पोस्ट बाहेर, दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवताना. (स्वतःच्या संकेतस्थळाला हा त्रास नाही. वर्डप्रेसमध्ये future या स्थितीतून पोस्ट थेट publish होते, मध्ये काही लागत नाही, कारण तिथे प्रकाशित होणं म्हणजे स्वतःच्याच डेटाबेसमधली एक ओळ बदलणं. त्याचं दुखणं वेगळं : वेळ टळून जाते आणि Missed schedule असं दिसतं.)

समजा, वर्कर मध्येच बंद पडला. तो विनंती पाठवण्याआधी पडला असेल, तर पोस्ट गेलेली नाही. विनंती पोचल्यावर पण उत्तर येण्याआधी पडला असेल, तर पोस्ट गेली आहे. उत्तर आल्यावर ते नोंदवण्याआधी पडला असेल, तरीही गेली आहे. या तिन्ही वेळी आपल्या टेबलात अक्षरशः एकच दिसतं : ‘पब्लिशिंग’, आणि दोन मिनिटांची मुदत उलटून गेलेली. डेटाबेसकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी त्यातून कोणती शक्यता खरी हे कळणार नाही. रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली नाही, तर पत्र वाटेत हरवलं की पावती, हे पाठवणाऱ्याला घरबसल्या कळत नाही, तसंच हे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये डेटाबेसवरच्या आपल्या टिपणांत हाच पेच दोन सेनापतींच्या रूपाने मांडला : शत्रूच्या मुलुखातून निरोप्ये पाठवत राहणाऱ्या दोघांपैकी शेवटचा निरोप पाठवणाऱ्याला तो पोचला अशी पक्की खात्री कधीच मिळत नाही. अधिक वेगवान मशीन आणून हा पेच सुटत नाही.

इथे आमच्या धंद्यात एक वाद आहे. बरेच जण म्हणतात, मग सहावी स्थिती ठेवा, ‘अननोन’. मला ते पटत नाही. मुदत उलटलेली ‘पब्लिशिंग’ म्हणजेच ‘माहीत नाही’. ती गोष्ट दोन रकाने एकत्र वाचून कळते, तिला वेगळं नाव दिल्याने ज्ञानात भर पडत नाही. उलट सहावा शब्द आला की लोक त्यालाही एक ‘पुन्हा पाठवा’ बटण जोडतात आणि आपण होतो तिथेच येतो. त्यापेक्षा नियम कडक करावा : माध्यमाने स्पष्ट नकार दिला, टोकन संपलं, चित्राचा आकार चालला नाही, तरच ‘फेल्ड’ लिहायचं. उत्तर आलं नाही तर स्थिती ‘पब्लिशिंग’च राहू द्यायची आणि एका वेगळ्या प्रोग्रॅमने बाहेर जाऊन विचारायचं : ही तुमच्याकडे आहे का?

विचारण्याची सोय असते का? इन्स्टाग्रामवर चांगली आहे. तिथे प्रोग्रॅमने पोस्ट टाकणं दोन टप्प्यांत होतं. आधी चित्र आणि मजकूर देऊन एक कंटेनर तयार करायचा, त्याचा क्रमांक मिळतो. मग तो क्रमांक देऊन ‘हा प्रकाशित करा’ असं सांगायचं. त्या कंटेनरची स्थिती केव्हाही विचारता येते आणि उत्तर IN_PROGRESS, FINISHED, PUBLISHED, ERROR किंवा EXPIRED असं येतं; चोवीस तासांत प्रकाशित न केलेला कंटेनर बाद होतो. तेव्हा दुसरा टप्पा सुरू करण्याआधी तो क्रमांक आपल्या टेबलात लिहून ठेवायचा. वर्कर कुठेही पडला तरी नंतर विचारता येतं. PUBLISHED उत्तर आलं तर आपणही ‘पब्लिश्ड’ लिहायचं. FINISHED आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं, कारण आधीची विनंती अजून वाटेत असू शकते. तरीही तेच उत्तर आलं तर तोच कंटेनर प्रकाशित करायला सांगायचं. नवा कंटेनर बनवायचा नाही. पोस्ट दोनदा दिसण्याचं मूळ बहुतेक वेळा या नव्या कंटेनरमध्ये असतं.

सगळी माध्यमं इतकी उदार नाहीत. काही ठिकाणी पानावरच्या ताज्या पोस्ट मागवून मजकूर आणि वेळ ताडून पाहावी लागते. ट्विटरच्या जुन्या एपीआयमध्ये तोच मजकूर लगेच पुन्हा पाठवला की १८७ क्रमांकाची चूक येई, म्हणजे ‘हे आधीच आहे’. अनेक प्रोग्रॅम तिलाही ‘फेल्ड’ म्हणून नोंदवत. खरं तर पहिली पोस्ट पोचल्याचा त्याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता. आणि जिथे काहीच ताडता येत नाही तिथे निर्णय माणसाकडे द्यावा, पण ‘फसली’ असं सांगून नव्हे. ‘गेली की नाही ते कळलेलं नाही, पान उघडून पाहा’ असं लिहून द्यावा.

हे लोकांना समजावताना मी थकतो. ‘नाही गेली तर पुन्हा पाठवा, त्यात काय?’ हे वाक्य मी शाळाचालकांकडून, व्यवस्थापकांकडून आणि दुर्दैवाने इंजिनिअरांकडूनही ऐकतो. पण हेच लोक यूपीआयने पैसे देताना पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसलं की थांबतात, समोरच्याला ‘आले का बघा’ म्हणून विचारतात. पैशांच्या बाबतीत ‘माहीत नाही’ ही स्थिती सगळ्यांना मान्य आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिच्यासाठी मुदतही घालून दिली : यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. सूचनेला मुदत आणि भरपाई देणारं कोणी नाही, म्हणून तिच्या नोंदीकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

त्या शाळेच्या प्रकरणात आणखी एक रकाना नव्हता. वरच्या आज्ञेतला expires_at. पोस्ट कधी जावी हे सगळे विचारतात. कधीनंतर जाऊच नये हे क्वचितच कोणी विचारतं. रविवारच्या सूचनेवर ‘सोमवार सकाळी आठनंतर पाठवू नये’ एवढं असतं, तर बटण दाबूनही ती गेली नसती. दिल्लीत हिवाळ्यात आदेश दिवसागणिक बदलतात. त्याच वर्षी ५ डिसेंबरला न्यायालयाने निर्बंध शिथिल करायला परवानगी दिली. अशा शहरात काल खरी असलेली सूचना आज धोक्याची ठरू शकते.

हे सगळं केलं तरी प्रत्येक पोस्ट नेमकी एकदाच जाईल, अशी हमी मी कोणाला देत नाही आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवत नाही. दोनदा जाण्याचा धोका पत्करायचा की न जाण्याचा, हे मजकूर पाहून ठरवावं लागतं. दिवाळीच्या शुभेच्छा दोनदा गेल्या तर बिघडत नाही. मुलांना घराबाहेर बोलावणारी सूचना मात्र शंका असताना यंत्राने स्वतःहून कधीही पुन्हा पाठवू नये.

वाचकांपैकी जे शाळा, सोसायटी किंवा मंडळाच्या सूचना अशा पॅनलवरून पाठवतात, त्यांना एवढीच विनंती आहे. प्रत्येक सूचनेच्या मजकुरातच तारीख आणि वेळ लिहा. पॅनलवर लाल अक्षरं दिसली तर बटणाकडे जाण्याआधी आपलं पान उघडून सूचना तिथे आहे का ते पाहा. आणि पॅनल पुरवणाऱ्याला लेखी विचारा की तुमच्याकडे ‘फेल्ड’ नेमकं केव्हा लिहिलं जातं. ‘उत्तर आलं नाही की’ असं त्याने सांगितलं, तर ती यंत्रणा बदलून मागा.