वेगळी कपबशी

आमच्या एका मित्राचा चहा पावडरीचा धंदा आहे. फार मोठा नाही. आसामची सीटीसी पत्ती पोत्यांनी आणायची, त्यात दाणेदार किती आणि डस्ट किती ते स्वतः चव घेऊन ठरवायचं, पाव किलोची पाकिटं भरायची आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन-तीन तालुक्यांत किराणा दुकानांना द्यायची. पाकिटं भरायला वहिनी आणि गल्लीतल्या चार बायका.

दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला, "भावा, तू पेपरात लिहितोस. रोज स्टेटसला आणि पेजवर टाकायला एक ओळ दे. हलकीफुलकी पाहिजे. पण दुकानावर मोर्चा यायला नको." मानधन ठरलं महिन्याला एक किलो पावडर. पत्रकारितेचा डिप्लोमा शेवटी कामाला आला.

आधी शब्द गोळा करायला बसलो. चहाच्या आसपास मराठीत दुहेरी अर्थाचे शब्द पडलेत नुसते. आलं म्हणजे चहातलं आलं आणि 'येणे'चंही आलं. कपाला कान असतो, कानाला खबर लागते. 'चहाडी' या शब्दात तर चहा आधीच घालून ठेवलाय. त्यातून पहिल्या आठवड्यात दोन ओळी निघाल्या.

"पाऊस आला. लाईट गेली. पाहुणे आले. चहात आलं?"

"आमच्या कपाला कान आहे, पण तो चहाडी करत नाही."

पहिल्या ओळीवर दोन मास्तरांनी व्याकरण तपासून शाबासकी दिली. दुसरी ओळ आमच्या चौकातल्या कट्ट्याला इतकी लागू पडली की लोकांनी एकमेकांना पाठवली. दोन्ही ओळींत हसू शब्दावर येतं, माणसावर नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आपोआप जमलं होतं.

मग आपोआप चुकलंही. मी लिहिलं, "कडक पाहिजे? बायको नाही हो, चहा म्हणतोय." मित्र खो खो हसला. वहिनी पाकिटाला सील मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, चहा करायचा मी, पाकिटं भरायची मी, दुकानातनं कुठली पावडर आणायची ते ठरवणार पण बाईच. आणि विनोद पण आमच्यावरच?"

उत्तर नव्हतं. ओळ फिरवली आणि मीच विनोदाच्या जागी जाऊन बसलो: "आज चहा मी केला. उरलेला सगळा मलाच प्यावा लागला." ती त्या महिन्यातली सगळ्यात जास्त चाललेली ओळ ठरली. कारण घरोघरचे पुरुष त्यात सापडले आणि कुणी पकडून आणलं म्हणून नाही, आपणहून आले.

खरी चूक पुढे झाली, आणि ती सांगण्यासाठीच एवढं लिहितोय.

मित्रानं जरा भारी पत्तीचं नवीन पाकीट काढलं. त्यासाठी मी लिहिलं, "खास माणसांसाठी आमच्याकडे वेगळी कपबशी असते!" सोबत सोनेरी काठाच्या कपाचा फोटो. 'खास' म्हणजे मान आणि 'वेगळी' म्हणजे भारीतली, इतकं सरळ. यात बाई नाही, जात नाही, धर्म नाही, गाव नाही. मोर्चा कशाला येतोय? सकाळी टाकली, आणि दुपारपर्यंत फ्लेक्सचं डिझाइनही तयार.

संध्याकाळी स्टँडवर एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले. सत्तरीच्या पुढचे, माझ्या बातम्यांचे जुने वाचक. म्हणाले, "पत्रकार, ती कपबशीची ओळ तुमचीच न्हवं?" मी कौतुकाच्या तयारीत हो म्हणालो.

ते शांतपणे म्हणाले, "आमच्या वडलांची बी वेगळी कपबशी असायची. हॉटेलाच्या छपराच्या वळचणीला खोचलेली. आपण काढायची, आपण धुवायची, पुढं धरायची. मालक वरनं चहा ओतायचा, किटली लागू न देता. पैसं तेवढंच द्यायचं. चहा पिऊन परत धुवून वळचणीला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या मनात तसं नव्हतं, म्हाईत हाय. पर वाचलं आणि चहा खाली ठेवला बघा."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाद तरी घातला असता.

कोटी कशी चालते तर एका शब्दात दोन अर्थ बसवून. ते दोन अर्थ लिहिणारा निवडतो. पण वाचणाऱ्याकडे त्याच शब्दाचा तिसरा अर्थ असू शकतो, आणि तो शब्दकोशात सापडत नाही. तो त्याच्या घरात असतो. 'वेगळी कपबशी' ऐकून मला पाहुण्यांचं कपाट आठवलं, त्यांना वळचण.

आणि चहाच्या बाबतीत मी हे विसरायलाच नको होतं. 1890 साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आला, त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणि त्या चहापायी प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आमच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. ते अस्पृश्य, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही प्यायला लावला. दर जयंतीला ही गोष्ट मी छापतो. आणि कपबशीवर ओळ लिहिताना ती मला आठवली नाही.

त्याच रात्री ओळ काढली, फ्लेक्स थांबवला. मित्र कुरकुरला, "अरे, असं बघायला लागलो तर बोलायचंच नाही का काही? हल्ली लोकं कशानंपण दुखावतात." मी मोजून दाखवलं. महिनाभरात सव्वीस ओळी लिहिल्या, मागे घेतल्या दोन. चोवीस ओळींवर लोक हसलेच की.

मग मला वाटलं, आता भरपाई म्हणून समतेची एखादी ओळ लिहावी. 'किटली विचारत नाही कप कुणाचा', असलं काहीतरी. ती घेऊन काकांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "आमच्या वडलांच्या कपावर पाकीट नका इकू. तेवढा 'वेगळी' शब्द काढा, झालं." तीही ओळ वहीतच राहिली.

आता एक रीत पडलीय. ओळ आधी फोटोशिवाय वाचतो, कारण पुढे पाठवताना फोटो गळतो आणि ओळ एकटी फिरते. मग वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवतो, नंतर स्टँडवर काकांना. "दुखावलात का?" असं विचारत नाही, कारण तसं विचारलं की माणूस भिडेपोटी नाही म्हणतो. "हे वाचून काय आठवलं?" एवढंच विचारतो. ज्या दिवशी उत्तर चहापासून लांब जातं, त्या दिवशी ओळ थांबते.

भारी पाकिटासाठी शेवटी ही ओळ गेली: "पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. घरच्यांनी काय घोडं मारलंय?"

काकांना वाचून दाखवली. "ह्यात काय आठवलं?" विचारलं.

म्हणाले, "बायकोनं कालच नवं पाकीट आणलंय आणि डब्यात दडवलंय. घरी जाऊन काढायला लावतो."