स्फटिकाच्या पोटातले टोल्युइन

हिंजवडीचे नाव काढले की लोकांना आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि संध्याकाळची वाहतूक कोंडी आठवते. पण याच परिसरात फेज दोनला एमक्युअर आणि जेनोव्हा या औषध कंपन्या आहेत, आणि पलीकडे याच मुळशी तालुक्यात नांद्याला ल्युपिनचे संशोधन केंद्र आहे. इथल्या एका लहान चाचणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे गॅस क्रोमॅटोग्राफीचे काम पाहते. औषधाची पांढरी पूड आमच्याकडे येते आणि ती बनवताना वापरलेल्या सॉल्व्हंटचा किती अंश तिच्यात उरला आहे, एवढेच आम्हाला सांगायचे असते.

औषधाचा मूळ घटक बनतो तो टोल्युइन, मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन अशा द्रवांत. शेवटी तो स्फटिकरूपाने बाहेर काढतात, गाळतात आणि ड्रायरमध्ये वाळवतात. वाळवूनही थोडे सॉल्व्हंट मागे राहतेच. किती राहिलेले चालेल याची मर्यादा आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू३सी मार्गदर्शिकेत १९९७ पासून लिहिलेली आहे. टोल्युइनसाठी ती ८९० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत ८९० भाग. आम्ही एका व्हायलमध्ये १०० मिलिग्रॅम पूड घेतो. तेवढ्या पुडीत मर्यादेइतके टोल्युइन असेल तर त्याचे वजन भरते ८९ मायक्रोग्रॅम. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचे पाचशे भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे.

पूड थेट यंत्रात सोडता येत नाही. तिची वाफ होत नाही, ती दोनशे अंशांच्या इनलेटमध्ये जळून बसते. म्हणून आम्ही हेडस्पेस पद्धत वापरतो. वीस मिलीच्या काचेच्या व्हायलमध्ये पूड घ्यायची, तिच्यावर पाच मिली डायल्युएंट घालायचे, ताबडतोब ॲल्युमिनियमचे झाकण क्रिम्प करायचे आणि व्हायल तापवत ठेवायची. द्रवातले सॉल्व्हंट वरच्या पंधरा मिली हवेत येते. द्रव आणि हवा यांच्यातली त्याची वाटणी स्थिर झाली की सुई सेप्टममधून आत शिरते आणि फक्त हवा घेऊन यंत्राकडे पाठवते. हिंगाची डबी उघडल्यावर आपण हिंग चाखत नाही, वासावरूनच ओळखतो. यंत्रही तेवढेच करते. जे हवेत आले तेच त्याला कळते.

ही वाटणी प्रत्येक सॉल्व्हंटची वेगळी असते. पाण्यात घातलेले टोल्युइन ऐंशी अंशांवर पाण्यात थांबायला तयारच नसते, आमच्या व्हायलमध्ये त्याचे साधारण सत्तर टक्के वरच्या हवेत येते. इथेनॉल मात्र पाण्याला धरून बसते, त्याचे जेमतेम दीड टक्का वर येते. म्हणून टोल्युइनसाठी पाणी हे डायल्युएंट फार मोहक वाटते. पीक उंच, बेसलाइन स्वच्छ, पाण्याचा खर्चही नाही. त्या मोहात आम्ही एकदा पडलो होतो. हा लेख त्या प्रसंगाचा आहे.

एका कारखान्याची पूड नेहमी आमच्याकडे येत असे. ती पाण्यात विरघळत नव्हती, पण पद्धत पाण्यातच बसवलेली होती. व्हायल हलवली की पूड दुधासारखी तरंगायची, थोड्या वेळाने तळाशी बसायची. ऐंशी अंशांवर तीस मिनिटे ठेवून सॅम्पल धावले की उत्तर यायचे तीनशेच्या आसपास पीपीएम. ८९० च्या पुष्कळ खाली. लागोपाठ तीन बॅचेसचा आम्ही तसा रिपोर्ट दिला.

चौथ्या बॅचला आमच्या एका तरुण ॲनालिस्टने सहा व्हायल्स लावल्या आणि आकडे घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, स्टँडर्डच्या सहा व्हायल्स दोन टक्क्यांत जुळतात. सॅम्पलच्या मात्र अठरा टक्क्यांनी फिरतायत. वजन मी नीट केलंय." तिचे वजन खरेच नीट होते. मी तिला म्हटले, उरलेली पूड कागदावर पसर आणि दिव्याखाली बघ. तिच्यात बारीक पिठासारखा भाग होता, आणि साखरेच्या दाण्याएवढे, बोटांत न फुटणारे टणक खडेही होते. ज्या व्हायलमध्ये खडे जास्त, तिचा आकडा कमी.

हे आकडे हातात धरून मी बराच वेळ बसले. टोल्युइन पुडीच्या पृष्ठभागावर असते तर खड्यांमुळे एवढा फरक पडला नसता. ते खड्यांच्या आत असेल तर मात्र पडणारच.

तपासायची रीत सोपी आहे. त्याच सॅम्पलच्या वेगवेगळ्या व्हायल्स तीस, साठ आणि नव्वद मिनिटे तापवायच्या. स्टँडर्डमध्ये टोल्युइन आधीच पाण्यात मिसळलेले असते, त्यामुळे त्याचा आकडा तीस मिनिटांनंतर जागचा हलत नाही. सॅम्पलचा आकडा मात्र ३१० वरून ३६५ वर गेला, आणि नव्वद मिनिटांनी ४१२ वर. वाटणी स्थिर झालीच नव्हती. पूड अजून टोल्युइन सोडत होती आणि आम्ही मध्येच मोजून मोकळे होत होतो.

मग मनात आले की आमची रिकव्हरी तर ९९ टक्के होती. पद्धत बसवताना सॅम्पलच्या व्हायलमध्ये ठरावीक टोल्युइन मुद्दाम घालून ते पूर्ण परत मिळते का, हे पाहिलेले होते, आणि ते मिळाले होते. कारखान्याच्या उत्पादन व्यवस्थापकांनीही फोनवर हाच मुद्दा मांडला. माझ्या मते आमच्या क्षेत्रात सर्वाधिक फसवणारी गोष्ट ही आहे. आपण घातलेले टोल्युइन पाण्यात पडते आणि पाण्यातून हवेत येते. स्फटिकाच्या पोटात ते शिरतच नाही. त्यामुळे न विरघळलेल्या पुडीत रिकव्हरी बघणे म्हणजे वाड्याचे दार बंद ठेवून अंगणातल्या माणसांची शिरगणती करणे. अंगणातले सगळे सापडतात, आतल्यांचा पत्ता लागत नाही.

यावर खरा उपाय एकच होता. पूड विरघळवायची. विरघळली की स्फटिक उरत नाही आणि लपायला जागाही उरत नाही. आम्ही डीएमएसओ घेतले. पूड त्यात दोन मिनिटांत स्वच्छ विरघळली. उजेडासमोर व्हायल धरली तर तळाशी एक कणही दिसत नव्हता. डीएमएसओ १८९ अंशांवर उकळते, त्यामुळे व्हायल १०५ अंशांपर्यंत तापवता आली. पाण्यात ते शक्य नव्हते, इतक्या उष्णतेला पाण्याचीच वाफ होऊन व्हायलमधला दाब वाढला असता.

यात तोटाही आहे, तो लपवू नये. डीएमएसओला टोल्युइनचा लळा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हवेत कमी येते आणि पीक बुटका होतो. म्हणूनच स्टँडर्डही डीएमएसओमध्येच करावे लागते. पाण्यातले स्टँडर्ड आणि डीएमएसओतले सॅम्पल अशी सांगड घातली तर उत्तर पुन्हा खोटेच येईल, आणि तेही खालच्याच बाजूला. नुसत्या डीएमएसओचा ब्लँकही रोज लावावा लागतो, कारण बाटली जुनी झाली की त्यात गंधकाच्या संयुगांचे लहान पीक दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट हिंजवडीच्या हिवाळ्याने आम्हाला शिकवली. डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठते. डिसेंबरच्या सकाळी आमच्या सॉल्व्हंटच्या खोलीत बाटली अर्धी घट्ट, अर्धी पातळ असायची, आणि घाईत कोणी वरचे पातळ पिपेटने ओढून घ्यायचे. गोठताना शुद्ध डीएमएसओ आधी घट्ट होते, त्यातले पाणी आणि अशुद्धी पातळ भागात जमा होतात. म्हणजे त्या दिवशीचे डायल्युएंट बाटलीवरच्या लेबलाशी जुळत नसे. आता बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवतात, उलटसुलट हलवतात आणि मगच उघडतात.

सॅम्पलच्या पुडीलाही तेवढेच जपावे लागते. तो कारखाना पूड पॉलिथिनच्या पिशवीत पाठवायचा. सॉल्व्हंट पॉलिथिनमधून हळूहळू निघून जाते, म्हणून आम्ही त्यांना काठोकाठ भरलेली, घट्ट झाकणाची काचेची बाटली मागितली. खडे दिसले म्हणून खलात कुटायची इच्छा होते, पण ते करायचे नाही. कुटताना पूड तापते, खडे फुटतात आणि मोजायचे तेच उडून जाते. खडा आहे तसाच व्हायलमध्ये घालायचा, वर डीएमएसओ ओतायचे, झाकण क्रिम्प करायचे. झाकण बोटांनी फिरवून पाहायचे. फिरले तर व्हायल बाद.

डीएमएसओमध्ये त्याच बॅचचे उत्तर आले ११३० पीपीएम. सहा व्हायल्स दीड टक्क्यात जुळल्या. पंचेचाळीस मिनिटांचा आणि नव्वद मिनिटांचा आकडा एकच. राखून ठेवलेल्या जुन्या तीन बॅचेस पुन्हा तपासल्या, त्यातली एक मर्यादेच्या वर निघाली. आम्ही ते कारखान्याला त्याच दिवशी लेखी कळवले.

रुग्णाला धोका झाला असता का, हे मी त्या रात्री स्वतःच मांडून पाहिले. ८९० हा आकडा दिवसाला दहा ग्रॅम औषध पोटात जाते असे धरून काढलेला आहे, आणि टोल्युइनची रोजची परवानगी ८.९ मिलिग्रॅम आहे. हे औषध दिवसाला एक ग्रॅम घेतले तरी ११३० पीपीएमने १.१३ मिलिग्रॅमच टोल्युइन जाते. मार्गदर्शिका प्रत्यक्ष डोसवरून हिशोब करायलाही परवानगी देते. त्यामुळे माझी काळजी निवली, पण आमचा आधीचा आकडा चुकीचाच होता. डोसवरचा हिशोब करायलाही खरा आकडा हातात लागतोच.

कारखान्याने ड्रायरचा वेळ वाढवून पाहिला. फरक नगण्य पडला, कारण बंद पोकळीतल्या द्रवाला ड्रायरची हवा लागतच नाही. शेवटी त्यांनी रिॲक्टरकडे लक्ष दिले. द्रावण एका तासात थंड करत होते, म्हणून स्फटिक भराभर वाढायचे आणि वाढता वाढता भोवतालचे टोल्युइन पोटात कोंडून घ्यायचे. त्यांनी थोडे तयार स्फटिक बीज म्हणून घातले आणि सहा तासांत हळूहळू थंड केले. नव्या बॅचचा डीएमएसओतला आकडा २६० आला.

ती बॅच आली तेव्हा आमच्या ॲनालिस्टने दोन्ही बॅचेसचे दाणे सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले. जुन्या दाण्यात काळपट ठिपक्यांची रांग होती, एकेक ठिपका म्हणजे द्रवाचा कोंडलेला थेंब. नवा दाणा आरपार स्वच्छ. मग तिने जुन्या दाण्याच्या कडेला डीएमएसओचा थेंब सोडला. दाणा कडेपासून विरघळत आत आला, ठिपक्यांपर्यंत पोहोचला, आणि एकामागून एक ठिपके दिसेनासे झाले.