पन्नास फ्री स्पिन आणि माझी हिशेबाची शीट

मागच्या रविवारी सांगलीहून मामेभावाचा फोन आला. "ताई, तू तिकडे ते स्लॉट खेळायचीस ना? एक ऑफर आहे, घेऊ का सांग." त्याच्या हातात टेलिग्रामवरून आलेली लिंक होती. माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षं न उघडलेली एक शीट होती. फोन चालू असतानाच मी ती उघडली.

मी लेस्टरमध्ये एका गोदामाच्या हिशेब विभागात काम करते. इथे परवाना असलेली ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहेत आणि त्यांच्या जाहिराती बसस्टॉपपासून फोनपर्यंत सगळीकडे दिसतात. इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार व्हायचा, ओळखीचं कुणी नव्हतं. रूममेटने मला पहिली ऑफर दाखवली. मला खेळापेक्षा तिच्या अटी जास्त आवडल्या. आकडे दिसले की मी सोडवायला बसते, ही माझी जुनी खोड आहे. शीट तिथूनच सुरू झाली.

ऑफर अशी होती: १० पौंड भरा, ते एकदा खेळा, मग ५० फ्री स्पिन. ऐकायला ५० मोठा आकडा वाटतो, पण आधी एक स्पिन कितीचा ते बघायचं. इथे तो १० पेन्सचा होता. म्हणजे भेट ५ पौंडांची, पन्नासाची नाही. पुढचा आकडा आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी सरासरी किती टक्के खेळणाऱ्यांकडे परत येतात. तो गेमच्या आतल्या माहितीच्या पानावर असतो, आणि तिथेच बघावा. कारण एकच गेम एका साइटवर ९६ टक्क्यांचा, तर दुसरीकडे ९४ टक्क्यांचा असू शकतो. चित्रं, गाणं, नाव सगळं तेच. समजा ९६ आहे, तर ५ पौंडांतून सरासरी ४ पौंड ८० पेन्स हाती यावेत.

हाती, पण खिशात नाही. मध्ये वेजरिंग असतं. जिंकलेली रक्कम काढण्याआधी तिच्या इतक्या पट रकमेचे डाव लावा, अशी अट. दहापट असेल तर ४८ पौंडांचे डाव लावायचे. प्रत्येक पौंडामागे सरासरी ४ पेन्स कॅसिनोकडे जातात, म्हणजे इथे १ पौंड ९२ पेन्स गेले. राहिले २ पौंड ८८. सुरुवातीचे स्वतःचे १० पौंड खेळले त्याचे ४० पेन्स वजा करा. ऑफरची खरी किंमत अडीच पौंड. आमच्या स्टेशनवर तेवढ्यात जेमतेम एक चहा येतो.

मी खेळायचे तेव्हा दहापट म्हणजे चैन होती. पस्तीसपट सर्रास असायचं. तोच हिशेब पस्तीसने करा: १६८ पौंडांचे डाव, त्यात सरासरी ६ पौंड ७२ पेन्स जाणार, आणि हातात होते ४.८०. म्हणजे वाटेतच संपणार. बोनस शून्याखाली जात नाही, म्हणून कधीतरी एखाद्याचा मोठा डाव लागतो आणि तो पार होतो. पण बहुतेकांना काहीच मिळत नाही. जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने ही अट जास्तीत जास्त दहापट ठेवायला लावली आहे. हा एक नियम बदलल्याने तोट्याची ऑफर किंचित फायद्याची झाली.

किंचितच. सरासरी हा शब्द इथे जरा फसवा आहे. स्लॉटचा बराचसा परतावा क्वचित लागणाऱ्या मोठ्या डावांत असतो, आणि पन्नास स्पिनमध्ये तो डाव येतोच असं नाही. माझ्या शीटमध्ये चौदा ऑफर आहेत. अकरांपुढे शून्य. उरलेल्या तिघींनी अकरांचा खर्च भरून काढला आणि वर ९ पौंड दिले. म्हणजे माझं गणित बरोबर आलं होतं. याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

कॅशबॅक मात्र मला उशिरा कळला. "दर आठवड्याला नुकसानीच्या १० टक्के परत." रूममेटचे मंगळवारी ४० पौंड गेले, शुक्रवारी ती ३० जिंकली. सोमवारी ४ पौंड येतील म्हणून ती वाट बघत होती, आला १ पौंड. नुकसान म्हणजे आठवड्याचं निव्वळ नुकसान, असं अटींत लिहिलेलं होतं. आणि तो पौंडही बोनस म्हणून आला. दहापट फिरवल्यावर त्याचे सरासरी ६० पेन्स उरतात. रोख आला असता तर पूर्ण पौंड. म्हणून कॅशबॅकमध्ये मी दोनच गोष्टी बघायचे: मोजणी कोणत्या काळाची, आणि परत येतं ते रोख की बोनस.

रोख असेल तर घ्यावा, यात वाद नाही. पैसे आधीच गेलेले असतात. पण त्यासाठी खेळायला बसायचं तर हिशेब असा: १०० पौंडांचे डाव लावले की सरासरी ४ पौंड जातात, त्यांचे दहा टक्के ४० पेन्स. हरलेल्याच आठवड्यांत पैसे मिळतात म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. तरी भोक बुजत नाही, थोडं लहान होतं इतकंच.

आता शीटचा तो भाग, जो मी भावाला आधी सांगितला नव्हता. ऑफर संपली, वेजरिंग झालं, अंधार अजून बाकी आहे, बोट तिथेच आहे. "सोमवारी दहा टक्के येणारच आहेत" हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं, त्याची नोंद नाही. पैशांची आहे. ऑफरींमधून अधिक ९, ऑफरींनंतर खेळलेल्यातून उणे ६१. हा दुसरा रकाना मी तीन महिने वेगळ्या टॅबवर ठेवला होता. तो पहिल्या टॅबवर आणला त्या रात्री गॅमस्टॉपवर नाव टाकलं. तिथे नोंद केली की ब्रिटनमधली परवाना असलेली सगळी ऑनलाइन कॅसिनो तुम्हाला आत घेत नाहीत. मी पाच वर्षं निवडली.

"बरं, तुझी ऑफर वाच," मी भावाला म्हटलं. हजार रुपये भरा, एक रुपयाचे दोनशे स्पिन, चाळीसपट वेजरिंग. दोनशेचे १९२ येतील, त्यावर ७,६८० रुपयांचे डाव, त्यात तीनशेहून जास्त जाणार. गणित तिथेच संपलं होतं. पण माझं सगळं गणित एक गोष्ट गृहीत धरतं, की जिंकलेले पैसे मिळतील. इथे मिळाले नाहीत तर तक्रार करायला जागा आहे. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंदच झाले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. त्यामुळे जे उरलेत ते देशाबाहेरून चालतात, आणि तिथला आरटीपी म्हणजे पडद्यावर लिहिलेला एक आकडा.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, हजार भरलेत मी. परवाच. आता खात्यात १,३४० दिसतायत. काढायला गेलो तर म्हणतात, पडताळणीसाठी अजून दोन हजार भरा. त्यावर पंधरा टक्के कॅशबॅक आहे. ती ऑफर घेऊ का, हे विचारत होतो."

मी त्याला आधी यूपीआयचा स्क्रीनशॉट काढायला सांगितला, मग सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन करायला. "मामाला कळेल का?" त्याने विचारलं. शीट अजून उघडीच होती. मी तिचा फोटो काढून, दोन्ही रकान्यांसकट, त्याला पाठवला.