हुकूमनाम्यानंतर

दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले, अशी आपली भाबडी समजूत असते. हुकूमनामा हाती आला तेव्हा आमच्या मावसभावाने पेढे वाटले. साताऱ्यात त्याचा पुठ्ठ्याच्या पेट्यांचा व्यवसाय. महाबळेश्वरच्या एका स्ट्रॉबेरी व्यापाऱ्याने पेट्या नेल्या आणि 2,00,000 रुपये थकवले. त्यावर सहा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज 24,000 आणि दाव्याचा खर्च 11,000, असे येणे झाले 2,35,000.

कोर्ट मात्र आपण होऊन वसुलीला निघत नाही. त्यासाठी 'दरखास्त' द्यावी लागते. (शब्द फारसी, अर्थ विनंती! जिंकलेल्यानेच पुन्हा विनवण्या करायच्या!) ती देण्याची मुदत बारा वर्षांची, पण तेवढे थांबणाऱ्याला मागे काय सापडणार?

बेलिफ पावसाळ्यात महाबळेश्वरी गेला. गाळा रिकामा, घर पत्नीच्या नावावर. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण, मंगळसूत्र यांना कायदा हात लावू देत नाही. आणि तेच बरे आहे. मग बँकेतले खाते जप्त केले. त्यात निघाले 312 रुपये! जप्तीच्या दिवशी खात्यात जे असेल त्यावरच भिस्त. आणि श्रावणात स्ट्रॉबेरीवाल्याच्या खात्यात असायचे काय?

वकील अनुभवी होते. "त्याच्याकडे काय आहे ते राहू द्या, त्याचे कोणाकडे येणे आहे ते पाहू," ते म्हणाले. तीस दिवसांत हुकूमनामा भागला नाही, तर मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला कोर्ट ऋणकोला फर्मावू शकते. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. गृहस्थांनी निमूटपणे लिहून दिले. त्यात एक ओळ होती : जॅमच्या कारखान्याकडून फळांचे 1,35,000 येणे.

हंगाम ऐन भरात होता. कोर्टाची नोटीस थेट कारखान्याला गेली : हे पैसे व्यापाऱ्याला देऊ नका, कोर्टात भरा, नाहीतर का भरत नाही ते येऊन सांगा. कारखान्याने देणेच नाकारले असते, तर त्याची वेगळी चौकशी लागली असती. गप्प बसला असता, तर त्याच्यावरच वसुलीचा हुकूम झाला असता. कोर्टात भरले की व्यापाऱ्याच्या देण्यातून तो तेवढ्यापुरता मोकळा. त्याला कोणाला तरी द्यायचेच होते, त्याने भरले.

भाऊ हिशेब करू लागला, "दोन लाखांतून एक पस्तीस गेले, राहिले पासष्ट हजार." वकिलांनी त्याची पेन्सिल काढून घेतली. आधी व्याज आणि खर्च, म्हणजे 35,000 फिटले. उरलेले एक लाख मुद्दलात गेले. मुद्दल अजून एक लाख बाकी, आणि त्यावर पुढचे व्याज चालूच.

उरलेल्यासाठी दुसरी दरखास्त द्यायची आहे. व्यापारी यंदा कोणाला फळ घालतो, याची चौकशी भावाने दिवाळीआधीच सुरू केली आहे.