जेवणाआधी दोन मिनिटं

अब्बा-अम्मीच्या निकाहाला यंदा चाळीस वर्षं झाली. आमच्या कोकणी घरात हा दिवस साजरा करायची पद्धत कधीच नव्हती. तरी या वेळी आम्ही भावंडांनी तीसेक माणसांना जेवायला बोलावलं आणि स्वागताचे दोन शब्द माझ्याकडे आले.

आईबापांची स्तुती करायची नाही, हे मी आधीच ठरवलं. अब्बा अशा वेळी उठून बाहेर जातात. म्हणून फक्त ताटाबद्दल बोललो. कुणाला काय चालतं हे पाहुण्यांना ताट हातात येण्याआधी कळलं, तर कुणाला संकोचानं विचारावं लागत नाही.

बोललो ते साधारण असं:

"सलाम आणि नमस्कार. हातात आहे ते कोकम सरबत. गोड जगातल्या सरबतात साखर आहे. स्टीलच्या जगात नुसती आमसुलं भिजवून मीठ आणि जिरं घातलंय. ते अब्बांसाठी आणि त्यांच्यासारख्या शुगरवाल्यांसाठी.

सांदणं पाहून मोठी मंडळी विचारतील, पीठ कशानं फुगवलं? पूर्वी माडी घालत. आमच्या घरात अम्मी आल्यापासून यीस्टच घालतो, आजही तेच. सोबत कोंबडीचा रस्सा आहे. ज्यांना गोड हवं त्यांनी नारळाच्या दुधाबरोबर खावीत.

आखणीत मटण आहे आणि भातही मटणाच्याच पाण्यात शिजलाय, त्यामुळे तुकडे बाजूला काढून ती शाकाहारी होत नाही. शेजारच्या काकूंसाठी वालाची उसळ आणि साधा भात खिडकीजवळच्या टेबलावर आहे. त्याची भांडी आणि पळ्या वेगळ्या आहेत. त्या पळ्या कृपया इकडे आणू नका.

शेवटी सोलकढी. ती गरम करायला सांगू नका, नारळाचं दूध फाटतं.

आखणी अब्बांच्या आवडीची, सांदणं अम्मीच्या आवडीची. चाळीस वर्षं घरात आखणीच जास्त वेळा झाली. सांदणांसाठी तांदूळ भिजवा, वाटा, पीठ फुगायची वाट पाहा, मग एकेक घाणा उकडा. एवढी मेहनत अम्मीनं फक्त स्वतःसाठी कधी केली नाही. आज ती आम्ही केली. पहिला घाणा थोडा दडस झालाय, तो आम्ही खाऊ. दुसरा तिच्या ताटात आहे. बिस्मिल्लाह करा."

दोन मिनिटांत संपलं. भाषण लांबलं असतं तर सांदणं गार होऊन घट्ट झाली असती.

अम्मी सवयीनं वाढायला उठली. खालानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. घरात पंचवीस-तीस माणसं जेवायला असताना पहिल्या पंगतीला बसलेली अम्मी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. अब्बांनी आखणीच्या आधी सांदण घेतलं, तेही न बोलता.