कापलेले अठराशे

वाळूजच्या कारखान्यात माझ्या १५,००० रुपये मूळ पगारातून दरमहा बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये पीएफ कापला जायचा. पासबुकात मात्र मार्चनंतर एकही नोंद नव्हती. खरं तर भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा.

मी मालकांना अर्ज लिहिला. त्यात यूएएन, एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने आणि कापलेले १०,८०० रुपये मांडले. सोबत पगारपत्रकं आणि पासबुक जोडलं. कंपनीच्या हिश्शासह रक्कम भरून चलनाची प्रत द्या, एवढीच मागणी. माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. भविष्य निधी कार्यालयात जायची वेळ आली तर, कंपनीला कळवलं होतं याचा तोच पुरावा.

‘सध्या मंदी आहे,’ अकाउंटंट म्हणाले. पण कापलेला पैसा कायद्याने मालकाकडे सोपवलेली अमानत आहे. तो न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो.